हातभर उतरलेलं पाणी

हिरामण मढवी बोनकोड्याचा. जिथे आज सेक्टरांचे रस्ते आहेत तिथे त्याच्या वडिलांची भाताची खाचरं होती आणि खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला बांध होता. नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा हिरामण शाळेत होता. पुढे गावातल्या बऱ्याच जणांनी मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारती उठवल्या आणि भाड्यावर बसून खाऊ लागले. हिरामणच्या वाट्याला चार भावांत मिळून एक मजला आला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. बसून राहणं त्याला जमतच नव्हतं.

पावण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो आधी लोडर म्हणून लागला. थिनर, सॉल्व्हंट अशी झटकन पेट घेणारी द्रावणं बनवणारा कारखाना. पिंप चढवता-उतरवता पाठ धरली, तेव्हा त्याला फायर पंप हाउसवर घेतलं. तिथेच त्याचे केस पांढरे झाले. काम दिसायला काहीच नाही. आग लागत नाही तोवर आगीच्या पंपाला कोण विचारतं? पण हिरामण रोज सकाळी पंप पुसायचा, डिझेल बघायचा, पंप हाउसच्या भिंतीवरच्या, दोन्ही टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या बघायचा, आणि मग पिंपांच्या यार्डाच्या कोपऱ्यावर जाऊन व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण उचलायचा. व्हॉल्व्हचा दांडा वर आलेला दिसला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा. कोणी चुकून फिरवू नये म्हणून त्याला घातलेली साखळी हाताने ओढून बघायची, झाकण लावायचं, आणि मग चहा.

"देवपूजा झाली का?" त्याच्या जोडीचा धनाजी त्याला चिडवायचा. धनाजी साताऱ्याकडचा. दोघांनी एका पाळीत इतकी वर्षं काढली होती, की एकाच्या डब्यातले सुके बोंबील आणि दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी हे त्यांचं ठरलेलं जेवण झालं होतं.

या व्हॉल्व्हची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

कारखाना लहान होता तेव्हा पंप हाउसला लागून एकच टाकी होती. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, चार मीटर खोल. पुढे कारखाना वाढला, आणि आगीसाठी दुप्पट पाणी हवं असा नियम लागू झाला. पंप हाउसजवळ जागा उरली नव्हती. म्हणून अगदी तशीच दुसरी टाकी मागच्या भिंतीपाशी, पिंपांच्या यार्डाच्या पलीकडे बांधली, आणि दोन्ही टाक्या तळाशी एका चार इंची लोखंडी पाइपने जोडल्या. यार्डाला वळसा घालत, कोपऱ्याकोपऱ्यावर वळत तो पाइप जमिनीखालून जवळपास नव्वद मीटर गेला होता. मधे एक व्हॉल्व्ह. पंप मात्र पहिल्याच टाकीतून पाणी ओढायचा. नकाशावर लिहिलं होतं की टाक्या जोडलेल्या आहेत, म्हणून साठा एकच धरावा.

दोन टाक्या जोडल्या की पाणी दोन्हीकडे एका पातळीला येतं, हे शाळेत गेलेल्या कोणालाही माहीत असतं. ते किती वेळात येतं, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारण्याची वेळही आली नव्हती. आठवड्यातून एकदा पंप चाचणीसाठी थोडा वेळ चालवायचे. पहिल्या टाकीतलं पाणी वीतभरही उतरायचं नाही, आणि दुपारचं जेवण होईपर्यंत दोन्ही पट्ट्या पुन्हा सारख्या दिसायच्या. सगळ्यांना ते पुरेसं वाटायचं. हिरामणलाही.

एप्रिलमधली गोष्ट. एमआयडीसीचं पाणी बंद असण्याचा वार होता. म्हणून आदल्या संध्याकाळी हिरामणने दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या होत्या, इतक्या की दुसरी टाकी ओसंडून लोडिंगच्या जागेपर्यंत ओघळ गेला आणि सेफ्टी मॅनेजर श्यामसुंदर त्याच्यावर ओरडले होते, "मढवी, पाणी फुकट येतं का रे?"

दुपारी यार्डात पिंपं ट्रकवर चढवताना एक फुटलं. ठिणगी कुठून पडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाहता पाहता ज्वाळा शेडच्या वर गेल्या. कारखान्याची वीज तोडली, धनाजीने डिझेलचा पंप चालू केला आणि हिरामण नळी घेऊन बाहेर धावला. फायर ब्रिगेड आली. त्यांच्या गाड्यांतलं पाणी लवकर संपलं, तेव्हा त्यांनीही कारखान्याच्याच पंपावर चालणाऱ्या हायड्रंटला नळ्या जोडल्या. दीड तास पंपाने जोरात पाणी दिलं. पिंपांच्या दोन रांगा वाचल्या. आग मागे सरायला लागली आहे असं ब्रिगेडच्या माणसांनाही वाटायला लागलं होतं.

आणि पंपाचा आवाज बदलला. प्रेशरचा काटा थरथरून खाली पडला. धनाजी बाहेर येऊन पट्ट्या बघू लागला. पहिली टाकी तळाला गेलेली. दुसरी, पलीकडची, भरल्यासारखी दिसत होती.

"हिरामण!" तो ओरडला. "पलीकडचं पाणी येत नाय! व्हॉल्व्ह बघ!"

हिरामणने नळी दुसऱ्याच्या हातात दिली. व्हॉल्व्ह उघडा आहे हे त्याला सकाळपासून माहीत होतं. पण अशा व्हॉल्व्हमध्ये कधी कधी आतलं लोखंडी दार दांड्यापासून सुटून खाली पडतं. मग दांडा वर दिसतो आणि वाट बंद असते. अशा वेळी चाक फिरवून, ठोकून बघावं लागतं. तेच त्याच्या मनात आलं असणार. त्याने पंचा ओला करून तोंडाला बांधला, चाक फिरवायचा लोखंडी दांडा घेतला आणि यार्डाच्या कोपऱ्याकडे गेला. पाणी थांबल्यामुळे त्या बाजूची आग पुन्हा उसळत होती. धनाजीने त्याला धुरात शिरताना पाहिलं.

थोड्या वेळाने पिंपांची एक रांग फुटली.

ब्रिगेडने मग मागच्या रस्त्यावरून भिंत ओलांडून दुसऱ्या टाकीत नळी सोडली आणि त्या पाण्यावर आग विझवली. नळी सोडण्याआधी त्यांच्या अधिकाऱ्याने टाकीत डोकावून पाहिलं होतं. पाणी काठापासून हातभर खाली होतं. बाकी सगळी टाकी भरलेली. हिरामण चेंबरपाशी सापडला. चाक फिरवायचा लोखंडी दांडा हाताखाली होता.

त्या दिवशी आणखी एक जण गेला. कंत्राटावरचा लोडर, तेवीस-चोवीस वर्षांचा, तुर्भ्यात राहणारा धम्मपाल. भाजला होता. हॉस्पिटलात काही दिवस काढून गेला.

घरी हिरामणची बायको गोजरा आणि मुलगी संध्या. संध्या सीवूड्सच्या मॉलमध्ये चष्म्यांच्या दुकानात काम करायची. बातमी तिला दुकानातच कळली. ती हॉस्पिटलला पोचली तेव्हा धनाजी बाहेरच्या पायरीवर बसला होता. तिच्याकडे बघून तो उठला नाही. त्याने फक्त मान हलवली.

दहाव्याच्या आतच कारखान्याची पहिली माहिती बाहेर आली. पहिली टाकी रिकामी, दुसरी भरलेली. म्हणजे मधला व्हॉल्व्ह बंद होता. व्हॉल्व्ह उघडा ठेवणं मढवींचं काम. नंतर तो उघडा सापडला, कारण चूक लक्षात आल्यावर मढवी धावत जाऊन तो उघडत होते. सगळं अगदी नीट जुळत होतं. पेपरात दोन ओळी आल्या, त्यात "कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा" असे शब्द होते. संध्याने पेपर गादीखाली सरकवला. पण गावात पेपर एकच येत नाही.

कोणी तोंडावर काही बोललं नाही. भजनाला हिरामण टाळ धरायचा, त्या मंडळींतले लोक येऊन बसायचे, चहा घ्यायचे, आणि कारखान्याचा विषय निघाला की पंख्याकडे बघायचे.

तोंडावर बोलली ती एकच बाई. धम्मपालची आई उज्वला. एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुमच्या माणसाला एक चाक उघडून ठेवायचं होतं," ती म्हणाली. "एवढंच काम होतं ना त्याला? माझं पोर पाणी पाणी करत गेलं."

गोजराने तिच्याकडे पाहिलं. तिचाही माणूस गेला होता, आणि तिलाही आता नक्की माहीत नव्हतं. उज्वला गेल्यावर तिने संध्याला विचारलं, "इसरला आसंल का गं तो?"

"बाबा? व्हॉल्व्ह?"

"मानूस इसरतो."

संध्या रडली नाही. वडील गेल्यावर रडली होती त्याहून ते वेगळं काहीतरी होतं. आईलाही शंका आली, हे तिला सहन होईना.

चौकशी समिती बसली होती. समितीने पाण्याच्या बाजूचा तपास एका बाहेरच्या इंजिनिअरकडे दिला. नंदकिशोर आगाशे. मूळचे रत्नागिरीचे, खारघरला राहायचे, पाइपलाइनची डिझाइनं करण्यात उभा जन्म गेलेला. त्यांनी कागद मागवले, ब्रिगेडच्या अधिकाऱ्याला भेटले, धनाजीचा जबाब वाचला. त्यात लिहिलं होतं, "व्हॉल्व्ह उघडा होता की बंद, मला सांगता येणार नाही."

आगाशे स्वभावाने सावध. त्यांनी आधी झटपट हिशेब केला. चार इंची भोकातून, दोन टाक्यांतल्या पातळीच्या फरकाने, पाणी किती वेगाने जाईल? तो हिशेब सांगत होता की व्हॉल्व्ह उघडा असता तर दुसरी टाकी पहिलीच्या मागोमाग उतरत गेली असती. दीड तासात ती मीटरभराहून जास्त उतरायला हवी होती, आणि पहिली टाकी तेव्हा तळाला जायलाच नको होती. प्रत्यक्षात दुसरी टाकी हातभरच उतरलेली. म्हणजे व्हॉल्व्ह बंद.

अहवालात तसं लिहायला ते बसलेही होते. पण तो हातभर त्यांना टोचत राहिला. व्हॉल्व्ह बंद होता तर पाणी हातभर तरी का उतरलं? टाकी आधीच थोडी रिकामी असेल म्हणावं, तर आदल्या संध्याकाळी ती ओसंडली होती. तसं खुद्द श्यामसुंदरनीच सांगितलं होतं, त्या ओरडण्यासकट. आणि बाहेरून पाणी त्या दिवशी कुणालाच येत नव्हतं.

मग त्यांनी हिशेब पुन्हा मांडला, या वेळी सगळा पाइप धरून. भोकातून पाणी पडणं वेगळं आणि नव्वद मीटर लांब, आतून गंज धरलेल्या पाइपातून जाणं वेगळं. पाणी पाइपच्या भिंतीला घासत जातं. पाइप जितका लांब, जितका बारीक, जितका खरबरीत, तितका त्या घासण्यात जोर जातो. प्रत्येक वळणावर आणखी थोडा जातो. त्यांचा हिशेब असा निघाला की पातळीच्या फरकातून मिळणारा जवळजवळ सगळा जोर पाइप आणि वळणंच खाऊन टाकतात, आणि पाण्याला वेग द्यायला त्यातला तिसावा हिस्साही उरत नाही. घर्षण न धरता जेवढं पाणी आलं असतं, त्याचा सहावा भाग येणार. पंप तासाला पावणेतीन लाख लिटर ओढत होता. पाइप, व्हॉल्व्हचा दांडा पूर्ण वर असताना, फार तर चाळीस हजार देऊ शकत होता.

दीड तासात त्या हिशेबाने दुसरी टाकी किती उतरली असती? पंचेचाळीस सेंटिमीटर. हातभर.

आगाशेंनी लिहायला घेतलेलं पान बाजूला ठेवलं. मग त्यांनी श्यामसुंदरना फोन करून सांगितलं, की व्हॉल्व्ह खोलून बघायचाय आणि टाक्यांची चाचणी घ्यायचीय. "आणि त्या मढवींच्या घरच्यांना यायचं असेल तर येऊ द्या."

व्हॉल्व्ह खोलला. आतलं दार दांड्याला घट्ट होतं, काही सुटलेलं नव्हतं. पाइपात कचरा अडकला नव्हता, नुसता गंज होता. मग दुसरी टाकी काठापर्यंत भरली, पहिली पूर्ण रिकामी केली आणि एका सकाळी, कामाची पाळी सुरू होताना, सगळ्यांच्या देखत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

गोजरा आणि संध्या दोघी आल्या होत्या. त्यांच्यासाठी पंप हाउसच्या सावलीत खुर्च्या टाकल्या होत्या. गोजरा खुर्चीवर बसली नाही, पायरीवर बसली. तिथून दोन्ही पट्ट्या दिसत होत्या. धनाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याने "वैनी" म्हणून हात जोडले, गोजराने मान डोलावली, तेवढंच.

बराच वेळ काहीच घडत नव्हतं. निदान तसं दिसत होतं. रिकाम्या टाकीच्या तळाशी पाइपच्या तोंडातून पाणी येत होतं, पण एवढ्या मोठ्या तळावर ते पसरून जात होतं.

"व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना, सर?" संध्याने विचारलं.

"पूर्ण. तुम्ही स्वतः जाऊन बघा."

ती गेली. चेंबरपाशी थोडा वेळ उभी राहिली. जमिनीवर अजून काळा डाग होता. तिने दांडा पाहिला, साखळी पाहिली, आणि परत आली.

तासाभराने आगाशेंनी तिला भरलेल्या टाकीपाशी नेलं आणि मोजपट्टी तिच्या हातात दिली. पाणी काठापासून चाळीस सेंटिमीटर खाली गेलं होतं. तिने स्वतःचा हात कोपरापासून लावून बघितला.

"एवढंच?"

"एवढंच. आणि हा सगळ्यात वेगाचा तास. फरक चार मीटरचा होता ना. आता जसजसा तो कमी होईल तसा जोर कमी होत जाईल. पाणी आणखी सावकाश येईल."

"मग सारखं व्हायला किती वेळ?"

"माझ्या हिशेबाने नऊ तासांहून जास्त. घर्षण नसतं तर दीड-पावणेदोन तास. नकाशा काढणाऱ्याने बहुतेक तेवढंही मोजलं नाही." ते थांबले. "मीही पहिल्यांदा घर्षण सोडूनच मोजलं होतं, संध्या. आणि तुझ्या वडिलांच्या विरोधात लिहायला बसलो होतो."

मोजपट्टी पुसून तिने त्यांच्या हातात दिली.

दुपार झाली. गोजराने डबा आणला होता. तिने भाकरी काढली, एक संध्याला दिली, एक धनाजीकडे सरकवली. धनाजीने ती हातात घेतली आणि तशीच धरून बसला.

जेवणाची सुट्टी संपली तोवर दोन टाक्यांतला पाऊण फरक भरून निघाला होता. कामगार येता-जाता डोकावत होते. एक जण म्हणाला, "आता झालंच की." पण उरलेल्या पाव फरकालाही तितकाच वेळ लागणार होता. पट्टीवरचे आकडे इतक्या हळू सरकू लागले की कोणी बघायला थांबेना. श्यामसुंदर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते तिथेच एका पिंपावर बसले आणि उठले नाहीत. हा पाइप त्यांच्या आधी घातलेला होता. पण दर वर्षी "दोन्ही टाक्या मिळून साठा पुरेसा" या ओळीखाली सही त्यांची असायची.

उन्हं उतरली तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्या झाल्या. आगाशेंच्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच वेळ लागला होता.

ते गोजरासमोर येऊन उकिडवे बसले. "वहिनी, व्हॉल्व्ह उघडाच होता. तुमच्या मिस्टरांची काही चूक नव्हती. मी तसं लिहून देणार आहे."

गोजरा पट्टीकडे बघत होती. "म्हंजे पानी येतच होता?"

"येत होतं. पण पंपाला पुरेल इतकं येऊच शकत नव्हतं. कोणी काहीही केलं असतं तरी."

"कोनी कायबी केला असता तरी," ती हळू म्हणाली. मग तिने विचारलं, "मंग तो तिकडं जाऊन काय करनार होता?"

आगाशेंना उत्तर माहीत होतं, पण ते द्यायची हिंमत नव्हती.

उत्तर धनाजीने दिलं. "काय नाय, वैनी. काय करण्यासारखं नव्हतंच." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मीच वरडलो. व्हॉल्व्ह बघ म्हणून मीच वरडलो त्याला. इतके दिवस मला वाटायचं, बंद असंल बी. असंल, आणि तो उघडायला गेला. कायतरी कामासाठी गेला. मी जबाबात म्हणून तसं बोललो. आता हे म्हणत्यात उघडाच होता. मग मी त्याला कशाला पाठवलं? उघड्या व्हॉल्व्हकडं पाठवलं मी त्याला!"

तो भिंतीशी खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला. दुपारपासून न खाता जवळ ठेवलेली भाकरी जमिनीवर पडली. कोणी त्याच्या जवळ गेलं नाही. संध्याला क्षणभर वाटलं, आई जाईल. पण गोजरा उठली, तिने डब्याची झाकणं लावली आणि "चल," म्हणाली.

रस्त्यात रिक्षात संध्या म्हणाली, "आई, बाबांचं नाव साफ झालं."

"हो," गोजरा म्हणाली. आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की जोडपाइप अपुरा होता, व्हॉल्व्ह उघडा होता, आणि पंप हाउसच्या कर्मचाऱ्यांनी आपलं काम नीट केलं होतं. पेपरात या वेळी ओळ आली नाही. कारखान्याने पंपाला दोन्ही टाक्यांतून थेट ओढता येईल अशी मोठी लाइन घातली आणि जुना पाइप उकरून काढला. श्यामसुंदर एका रविवारी बोनकोड्याला आले, चपला बाहेर काढून जमिनीवरच बसले. "मी त्याला पाणी फुकट येतं का म्हणून बोललो होतो," एवढंच ते सांगू शकले. गोजराने त्यांना चहा दिला.

धनाजी कामावर परतला नाही. त्याने गावी जाऊन राहायचं ठरवलं. जाण्याआधी तो भेटायला आला, आणि दाराबाहेरच उभा राहिला. गोजराने त्याला आत घेतलं, वाढलं. तो जेवत असताना ती म्हणाली, "तू वरडला नसतास तरी तो गेला असता का, मना नाय म्हाईत. मी रोज इचार करते. रोज येगला उत्तर येतो." मग थोडं थांबून, "पन तू उपाशी जाऊ नको."

त्याने पानातलं सगळं संपवलं.

एक काम राहिलं होतं. गोजराने ते संध्याला सांगितलं, आणि दोघी तुर्भ्याला गेल्या. उज्वलाची खोली अरुंद गल्लीत होती. भिंतीवर धम्मपालचा फोटो, शाळेच्या वेळचा असावा. उज्वला त्यांना बघून दचकली, मग बाजूला सरली. या वेळी गोजरा आत गेली.

संध्याने अहवालाची प्रत काढली आणि सोप्या शब्दांत सांगितलं. चाक उघडं होतं. पाणी येत होतं, पण पाइप बारीक आणि लांब, पाणी घासत घासत येत होतं. टाक्या सारख्या व्हायला सगळा दिवस लागला. आम्ही डोळ्यांनी बघितलं.

उज्वला ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती."

"मग कोणाची?"

संध्याने आईकडे बघितलं. नकाशा काढणारा कोण होता, तो आता कुठे होता, हे कारखान्यातही कोणाला सांगता येत नव्हतं. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कोणाचा तरी एक हिशेब करायचा राहून गेला होता, आणि मग वर्षानुवर्षं सगळ्यांचाच राहून गेला होता.

"एवढे महिने मी तुमच्या माणसाला शिव्या देत होते," उज्वला म्हणाली. "झोपताना देत होते. उठले की देत होते. त्याच्यावर दिवस ढकलत होते मी." तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "तेही काढून घेतलंत तुम्ही. आता कोणाला बोलू मी?"

गोजरा तिच्याजवळ सरकली. तिला म्हणावंसं वाटत होतं, की मला बोल, हवं तर मला बोल. पण तेही खरं झालं नसतं. ती नुसती बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. संध्या उठली, तिने मोरीतल्या पिंपावरचं झाकण काढलं आणि दोघींसाठी पाणी घेतलं. उज्वलाने पेला घेतला, थोडं प्यायली, आणि फोटोकडे तोंड करून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

बाहेर गल्लीत दिवे लागले होते. त्या उठल्या तेव्हा उज्वला म्हणाली, "येत जा." आणि पुढच्या रविवारी गोजरा एकटीच गेली.